‘हार्दिक अभिनंदन’च्या पुढचं वाक्य

पदोन्नतीचा आदेश निघाला की संध्याकाळपर्यंत कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर येतो. जिल्हा रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरची बढती झाली असेल, तर तो साधारण असा असतो :

‘अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!! आपल्या रुग्णालयातील कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व सदैव हसतमुख अधिपरिचारिका ... यांची परिसेविका या पदावर पदोन्नती झाल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. त्यांच्या कार्याचा आलेख असाच उंचावत राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना. – समस्त कर्मचारीवृंद’

यात चुकीचं काही नाही. लिहिणाऱ्याच्या मनात आनंदच आहे. पण नावाच्या जागी बोट ठेवून हा मजकूर पुन्हा वाचा. रुग्णालयाच्या जागी एसटीचं आगार घातलं, अधिपरिचारिकेच्या जागी वाहक आणि परिसेविकेच्या जागी वाहतूक नियंत्रक घातलं, तरी एक अक्षरही बदलावं लागत नाही. मंडळ अधिकारी झालेल्या तलाठ्यालाही तो तसाच चालतो. एवढ्या लांबलचक मजकुरात माहिती फक्त दोन गोष्टींची आहे : कोण आणि कुठल्या पदावर. त्या दोन्ही गोष्टी आदेशातच लिहिलेल्या असतात, आणि आदेशाचा फोटो ग्रुपवर आधीच येऊन गेलेला असतो.

ठरलेली वाक्यं वापरणं हा दोष नव्हे. आपल्याकडे पत्रातही ठरलेला भाग असायचाच. ‘स. न. वि. वि.’ लिहिताना कोणी नवा शब्द शोधत बसत नसे आणि शेवटी मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद हेही ठरलेलंच होतं. त्या ठरीव सुरुवातीत आणि शेवटात आदर सांभाळला जायचा, आणि मधला मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा स्वतःचा असायचा. अभिनंदनाच्या पोस्टमध्ये नेमका हा मधला मजकूर गळून गेला आहे. मायना आणि समारोप एकमेकांना चिकटले आहेत. म्हणून पोस्ट नव्याने लिहायची तर ‘हार्दिक अभिनंदन’ पुसून त्या जागी काहीतरी चमकदार घालणं हे काम नाही. त्या शब्दांच्या पुढे जे वाक्य यायला हवं होतं, ते शोधणं हे काम आहे.

ते कसं शोधायचं, हे पाहण्यासाठी वरचीच पोस्ट घेऊ. त्यातल्या सिस्टर नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षात काम करतात असं धरू. व्यक्ती काल्पनिक आहे, म्हणून तिला नाव देत नाही. कक्षात सगळे तिला ‘ताई’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिथलं काम मात्र खरं आहे आणि ते तसंच घेऊ. अशा कक्षात कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, कावीळ झालेली किंवा जन्मतःच श्वासाला त्रास असलेली बाळं वॉर्मरखाली ठेवलेली असतात. ताईंना परिसेविका म्हणून याच रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात नेमणूक मिळाली आहे. परिसेविका म्हणजे कक्षाची इन्चार्ज सिस्टर. कोणाची ड्युटी कधी लावायची, औषधं आणि साहित्याचा साठा, त्यासाठीचे इंडेंट, नोंदवह्या, स्वच्छता हे सगळं तिच्याकडे येतं आणि ती अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, त्याचा जबाब देते.

पहिली अडचण इथेच येते. सरकारी नोकरीत बढतीला सेवाज्येष्ठतेची यादी असते, विभागीय पदोन्नती समिती बसते, गोपनीय अहवाल पाहिले जातात, जागा रिकामी असावी लागते. अनेकदा माणूस पात्र होऊन बरीच वर्षं झालेली असतात आणि आदेश आत्ता निघालेला असतो. अशा वेळी ‘आपल्या कष्टाचं चीज झालं’ किंवा ‘गुणांची ही पावती’ असं लिहिलं, की ग्रुपमधल्या प्रत्येकाला ते थोडं खटकतं. यादीत आपला क्रमांक कितवा आहे हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. ज्यांचं नाव खाली राहिलं, त्यांच्या गुणांचं काय, असा अर्थही त्यातून निघतो. खासगी कंपनीत बढती निवडीने होते, म्हणून तिथे हे वाक्य चालतं असं वाटेल. पण तिथेही निवड कशी झाली हे पोस्ट लिहिणाऱ्याला सहसा माहीत नसतं. त्याला खात्रीने माहीत असतं ते वेगळंच : या माणसाशेजारी काम करताना आपण काय पाहिलं. पोस्ट त्यावर उभी करावी. बढती का मिळाली हे सांगायची जबाबदारी आपली नाही.

आता माहिती गोळा करायची. ग्रुपच्या वतीने लिहिणारा माणूस बहुधा कार्यालयातला कोणी लिपिक असतो किंवा संघटनेचा पदाधिकारी, आणि त्याने ताईंना प्रत्यक्ष काम करताना फारसं पाहिलेलं नसतं. म्हणून तो विशेषणांकडे वळतो. कक्षात जाऊन त्याने ‘ताई कशा आहेत हो?’ असं विचारलं, तर तिथूनही विशेषणंच मिळतील : फार चांगल्या आहेत, प्रेमळ आहेत, शिस्तीच्या आहेत. प्रश्न असा असतो तेव्हा उत्तरही तसंच येतं. विचारायचं ते प्रसंगाबद्दल. मला दोन प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतात. एक, ‘त्या रजेवर असल्या की काय अडतं?’ दुसरा, ‘तुम्ही इथे नवीन आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला काय शिकवलं?’ पहिल्या प्रश्नातून माणसाचं न दिसणारं काम बाहेर येतं आणि दुसऱ्यातून त्याची पद्धत. आणि हे प्रश्न फक्त डॉक्टरांना विचारून थांबू नये. कक्षातल्या मावशी, मामा आणि सर्वांत नवी सिस्टर यांनी ताईंना जेवढ्या जवळून पाहिलेलं असतं, तेवढं राउंडला येणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

समजा, विचारल्यावर चार उत्तरं मिळाली. नवी सिस्टर म्हणाली, “पहिल्या दिवशी बाळाचा श्वास मोजताना मी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायला गेले. ताईंनी स्वतःचं घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, पूर्ण मिनिट मोज, मग लिही.” मावशी म्हणाल्या, “सिझर झालेली आई वर असली की ताई आजीला बोलावतात. खुर्चीवर बसवून बाळ कसं छातीशी धरायचं ते दाखवतात. आजी घाबरल्या तर उठत नाहीत तिथून.” डॉक्टर म्हणाले, “मागच्या पावसाळ्यात नऊशे ग्रॅमचं एक बाळ होतं, ते ताईंमुळे वाचलं.” आणि बरोबरीच्या एका सिस्टरने सांगितलं, “मुलाची दहावीची परीक्षा होती, तरी त्यांनी रजा घेतली नाही.”

चारही गोष्टी खऱ्या आहेत असं धरू. लिहिणारा उत्साहाने बसतो आणि हा मजकूर तयार होतो :

‘ताई म्हणजे आपल्या नवजात कक्षाचा आत्माच! स्वतःच्या मुलाची दहावीची परीक्षा असतानाही त्या एक दिवस घरी थांबल्या नाहीत. मागच्या पावसाळ्यात नऊशे ग्रॅमचं बाळ त्यांनीच वाचवलं. त्यांच्यासारखी शिस्त दुसऱ्या कुठल्याही कक्षात पाहायला मिळत नाही. अशा ताईंना मानाचा मुजरा!’

हा मजकूर दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही, म्हणजे आपली बोटाची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. तरीही तो पाठवू नये. नेमकेपणा आला की पोस्ट आपोआप चांगली होते असं नाही, आणि पुनर्लेखनात सर्वांत जास्त गफलत याच टप्प्यावर होते.

दहावीच्या परीक्षेचं घ्या. लिहिणाऱ्याला त्यात त्याग दिसतो. पण ताईंच्या घरी ती आठवण कदाचित दुखरी असेल. रजा मागितली आणि माणूस नाही म्हणून मिळाली नाही, असंही झालेलं असेल. मनुष्यबळ कमी पडल्याची गोष्ट आपण त्यांच्या सद्गुणाची म्हणून सांगतो, आणि उद्या मुलासाठी रजा मागणाऱ्या सिस्टरकडे त्यातून नकळत बोट दाखवतो. अशी गोष्ट लिहायचीच असेल तर आधी त्यांना विचारावं. मी तर ती सोडूनच देईन.

नऊशे ग्रॅमच्या बाळाचं वाक्य याहून गंभीर आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात ‘मागचा पावसाळा’ आणि ‘नऊशे ग्रॅम’ एवढ्यावरून घर ओळखता येतं. रुग्णाची माहिती ही कक्षात मिळालेली असते आणि ती कक्षातच राहायला हवी. नाव घातलं नाही म्हणजे ओळख लपली, असा समज अशा पोस्टमध्ये वारंवार दिसतो. शिवाय ‘त्यांनीच वाचवलं’ हे वाक्य खरंही नाही. एवढ्या लहान बाळाला जगवण्यात तीनही पाळ्यांतल्या सिस्टर, डॉक्टर, दूध काढून आणणारी आई आणि वॉर्मर चालू ठेवणारा तंत्रज्ञ असे कितीतरी हात असतात. त्यांतले बरेच जण या ग्रुपवर आहेत आणि पोस्ट वाचणार आहेत. स्वतः ताईंनाही ते वाक्य वाचून अवघडायला होईल.

‘दुसऱ्या कुठल्याही कक्षात नाही’ याबद्दल फार लिहायला नको. एकाला वर नेण्यासाठी बाकीच्यांना खाली बसवलं की वाचणाऱ्यांतले अर्धे लोक तिथेच दुरावतात. ताईंना उद्यापासून त्याच लोकांबरोबर काम करायचं आहे.

यात अजून एक गोष्ट आहे, आणि ती बायकांबद्दल लिहिताना विशेष सांभाळावी लागते. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्री उमेदवारांची पत्रं सरासरीने आखूड होती. त्यांत कष्टाळूपणाचे, मेहनतीचे शब्द जास्त होते आणि खासगी आयुष्याचे उल्लेखही जास्त होते. पुरुषांच्या पत्रांत संशोधन आणि कौशल्य यांवर भर होता. पत्रं लिहिणाऱ्यांना या बायकांचं भलंच करायचं होतं, तरीही असं झालं. आपली पहिली पोस्ट या नजरेने पाहा : कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. दुसरी पाहा : आई असूनही घरी न थांबणारी. ताईंना काय येतं, याबद्दल दोन्हींत एक शब्द नाही. वीस-बावीस वर्षं नवजात बाळं सांभाळणाऱ्या बाईच्या हातात जे कौशल्य असतं ते पोस्टमध्ये यायलाच हवं. नाहीतर आपण तिच्या स्वभावाचं अभिनंदन करतो आणि कामाचं विसरतो.

म्हणून चार उत्तरांतली पहिली दोन ठेवायची. श्वास मोजण्याची गोष्ट दिसायला फार लहान आहे, पण तिच्यात सगळं आहे. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ते भराभर श्वास घेतं, मधेच काही सेकंद थांबतं, मग पुन्हा घेतं. अर्ध्या मिनिटात नेमका थांबा आला तर आकडा कमी येतो, भराभर चाललेला तुकडा आला तर जास्त येतो, आणि दुप्पट केल्यावर चूकही दुप्पट होते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोक्याची सूचना समजतात, त्यामुळे आकडा चुकला की पुढचा निर्णयही चुकू शकतो. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द जे सांगू पाहतो, ते या एका मिनिटात दिसतं. आणि तो आग्रह ताईंनी दुसऱ्याला घड्याळ देऊन धरला, रागावून नाही. म्हणजे ‘मनमिळाऊ’ही त्यातच आलं.

आजीची गोष्टही तशीच. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं धरून ठेवायचं, म्हणजे त्याला ऊब मिळते. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. आई उठू शकत नसेल तर वडील किंवा आजीही हे करू शकतात. पण सुनेच्या बाळंतपणात आपलं काम बाहेर बाकावर बसून डबा सांभाळण्याचं, असं मानणाऱ्या आजीला नळ्या लावलेलं बाळ अंगावर घ्यायला तयार करणं सोपं नाही. ते कौशल्य आहे आणि मायाही आहे. शिवाय असे प्रसंग कक्षात अनेक वेळा घडतात, त्यामुळे एका विशिष्ट घराची ओळख त्यातून उघड होत नाही.

आता लिहायला बसू. नवी पोस्ट अशी होईल :

‘ताई परिसेविका झाल्या! मनापासून अभिनंदन.

नवजात कक्षात नवीन आलेल्या आम्हा सगळ्यांना ताईंनी पहिल्याच दिवशी एक सवय लावली. बाळाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. कोणी घाई केली तर त्या रागावल्या नाहीत, मनगटावरचं घड्याळ काढून हातात दिलं. आज आम्ही नव्या मुलींना तेच शिकवतो.

आई उठू शकत नसली की त्या आजीला आत घेतात, खुर्चीवर बसवतात, बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवतात आणि आजीचे हात स्थिर होईपर्यंत शेजारून हलत नाहीत. हे आम्ही त्यांच्याकडूनच पाहून शिकलो.

ताई, आता तुम्ही प्रसूती कक्षात जाताय. तिथून आमच्याकडे येणारं प्रत्येक बाळ आधी तुमच्या कक्षातून येईल, याचा आम्हाला फार आधार वाटतो. ड्युटी लिस्ट लावून झाली की चहाला आमच्याकडेच या.

– नवजात कक्षातल्या सिस्टर, मावशी आणि मामा’

पहिली ओळ मुद्दाम छोटी आहे. लांब संदेश फोनवर सुरुवातीपुरताच दिसतो आणि पुढचा ‘आणखी वाचा’च्या मागे जातो. बातमी आणि अभिनंदन त्या दिसणाऱ्या भागातच हवं, कारण घाईत असलेला माणूस तेवढंच वाचून फुलं पाठवणार आहे. ज्याला सवड आहे तो पुढे जाईल. पहिल्या पोस्टमध्ये नाव येईपर्यंत तीन विशेषणं आणि तीन वेळा अभिनंदन ओलांडावं लागत होतं.

संपूर्ण मजकुरात ताईंसाठी एकही विशेषण नाही, हे कदाचित तुमच्या लक्षातही आलं नसेल. त्यांची सगळी ओळख क्रियापदांतून होते : सवय लावली, घड्याळ दिलं, आत घेतात, हलत नाहीत. पुनर्लेखनाची एक साधी रीत यातून हाती लागते. जुन्या मसुद्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढायची आणि स्वतःला विचारायचं, हे मी कधी पाहिलं? प्रसंग आठवला तर तो लिहायचा आणि विशेषण काढून टाकायचं. आठवला नाही तरी ते काढूनच टाकायचं. ‘सदैव हसतमुख’ इथेच गळतं. रात्रपाळीच्या शेवटी कोणीही सदैव हसतमुख नसतं, आणि असावंही कशाला?

प्रत्येक प्रसंगापाठोपाठ त्याचा परिणाम आला आहे : ‘आज आम्ही नव्या मुलींना तेच शिकवतो’, ‘पाहून शिकलो’. हे वाक्य बहुतेक पोस्टमधून सुटतं, आणि ऊब खरी त्यातच असते. नुसता प्रसंग सांगितला तर ती ताईंची बातमी होते. त्या प्रसंगाने आमच्यात काय बदललं हे सांगितलं की ते आमचं आणि त्यांचं नातं होतं. मात्र इथे फुगवायचं नाही. ‘तुमच्यामुळे आमचं आयुष्य बदललं’ यापेक्षा ‘आम्ही पूर्ण मिनिट मोजतो’ हे वाक्य जास्त टिकतं, कारण ते उद्या सकाळच्या पाळीतही खरं असेल.

ताईंबद्दल बोलता बोलता शेवटच्या परिच्छेदात त्यांच्याशीच बोलणं सुरू होतं, ‘ताई, आता तुम्ही...’. मराठी औपचारिक लेखनात आपण ‘त्यांचे अभिनंदन’ असं लांबूनच म्हणत राहतो आणि ज्याचं अभिनंदन करायचं तो माणूस स्वतःबद्दलचं निवेदन वाचत बसतो. एकदा तरी थेट बोलावं. ‘आपण’ घालायचं की ‘तुम्ही’, हे कक्षात रोज काय म्हटलं जातं यावर ठरवावं. जिला रोज ‘तुम्ही’ म्हणतो, तिला बढतीच्या दिवशी अचानक ‘आपण’ म्हटलं की अंतर वाढतं. आणि एखाद्या मैत्रिणीला एकांतात ‘अगं’ म्हणत असलो तरी जिथे तिच्या हाताखालचे लोकही वाचणार आहेत, तिथे ‘तुम्ही’च बरं.

शुभेच्छा नव्या कामाला धरून आहे. ‘पुढील वाटचालीस’ म्हटलं की वाट कुठली हे कळत नाही. प्रसूती कक्षातलं बाळ नवजात कक्षात येतं, हा दोन कक्षांमधला रोजचा दुवा आहे आणि शुभेच्छा त्यावर उभी आहे. तशी ती लिहायची तर नव्या पदाचं काम नेमकं काय हे विचारून घ्यावं लागतं. आणि खाली ‘समस्त कर्मचारीवृंद’ नाही, ज्यांनी पाहिलं तेच आहेत, मावशी आणि मामांसकट. ज्यांच्या नावे पोस्ट जाणार त्यांना ती आधी दाखवावी. घड्याळाची गोष्ट सांगणाऱ्या सिस्टरला ती सांगितलेली चालेल ना, हेही विचारावं.

एवढं वैयक्तिक लिहिताना अनेकांचा हात अडखळतो. अति होईल का, लोक काय म्हणतील, मला कुठे लिहिता येतं, असं वाटतं आणि माणूस पुन्हा फुलांच्या चित्राकडे वळतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि पत्र मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज करायला सांगितला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पत्र वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला आणि अवघडल्यासारखं कमी वाटलं. लिहिणारे आपले शब्द नीट बसतात का याची काळजी करत होते, वाचणाऱ्यांना मात्र त्यातला जिव्हाळा दिसत होता. तो अभ्यास एकाने एकाला लिहिलेल्या पत्रांचा होता. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिताना त्यात भर घालावी लागते ती वर पाहिलेल्या पथ्यांची. भाषेची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच अनावश्यक आहे. वरच्या पोस्टमध्ये मावशींना सहज बोलता येणार नाही असा शब्द नाही.

प्रत्येकाने एवढं लिहायचं नसतं. ग्रुपवर अडीचशे माणसं असतील, तर अशी पोस्ट कक्षाकडून एक पुरे. बाकीच्यांनी आपण जिथे उभे आहोत तिथून जेवढं दिसलं तेवढंच लिहावं. मेट्रनने लिहायचं तर तिला ताईंचं कागदावरचं काम दिसलेलं असतं : ‘नवजात कक्षाच्या रिपोर्टमध्ये तुमच्या पाळीची नोंद मला कधी परत विचारावी लागली नाही. परिसेविका म्हणून प्रसूती कक्षात तुमचं स्वागत.’ वरिष्ठाने यात नव्या अपेक्षांची यादी जोडू नये. तिच्यासाठी रुजू होण्याच्या दिवशी वेगळी भेट असते. बरोबरीने शिकलेल्या मैत्रिणीला ग्रुपवर एक ओळ आणि बाकीचं फोनवर, हे उत्तम. ज्येष्ठता यादीत ताईंच्या लगेच खाली नाव असलेल्या सिस्टरला लिहिणं सर्वांत अवघड जातं. तिने ओढूनताणून मोठा मजकूर लिहू नये. ‘ताई, अभिनंदन. प्रसूती कक्षाला चांगली इन्चार्ज मिळाली.’ हे सरळ आहे आणि पुरेसं आहे.

ज्यांची ताईंशी ओळखच नाही, त्यांनी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहून थांबावं. तिथे ते दोन शब्द अगदी योग्य आहेत. त्यांना विशेषणं जोडली की न पाहिलेलं पाहिल्यासारखं होतं. थोडीशी ओळख असेल, तर एक खरी ओळ शोधता येते. औषध भांडारातल्या माणसाचा ताईंशी संबंध इंडेंटपुरताच आला असेल. त्याने एवढंच लिहावं : ‘ताई, अभिनंदन. तुमच्या इंडेंटवर आकडा कधी खोडलेला पाहिला नाही. आता प्रसूती कक्षाचाही तसाच येणार.’